रिकामा मिक्सर

आमच्या घरात मिक्सर दिवसातून चार-पाच वेळा रिकामाच फिरायचा, आणि हे मला कितीतरी वर्षं कळलंच नव्हतं. मी सकाळी घाटकोपरला शाळेच्या ऑफिसात जायची, संध्याकाळी विक्रोळीला परत. घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. आल्यावर चहा तयार, चटणी तयार. आईला चटण्यांचं वेड आहे असं मी मैत्रिणींना कौतुकाने सांगायची.

एकदा डोकं दुखत होतं म्हणून अर्धा दिवस टाकून घरी आले. चावीने दार उघडलं तर स्वयंपाकघरातून मिक्सरचा घर्र आवाज. आत जाऊन बघते तर भांड्यात काही नाही, झाकणही नाही, नुसतं पातं फिरतंय. आणि आई सिंकवर वाकून, पदर तोंडात कोंबून खोकतेय. अख्खं अंग हलत होतं तिचं. मी मिक्सर बंद केला तसा तिने खोकलाही बंद केला, आवंढा गिळला आणि म्हणाली, "लवकर इलंस?"

"काय चाललंय गं हे?"

"काय नाय. चटणी करतंय."

"कसली? हवेची?"

ती ओटा पुसायला लागली.

आता हे मिक्सरप्रकरण समजायचं तर मागे जायला लागेल. मी तिसरीत होते तेव्हा आईला टीबी झाला होता. आत्ता जिथे आमची ही सात मजली बिल्डिंग उभी आहे, तिथेच तेव्हा आमची चाळ होती. वडील मिलमध्ये. आईने औषध एक दिवस न चुकवता पूर्ण केलं, पूर्ण बरी झाली, तसा कागद मिळाला. पण चाळीला कागदाशी काय देणंघेणं? नळावर आईची बादली सगळ्यांच्या शेवटी. शेजारच्या मावशींकडे मी खेळायला गेले की मला पाणी वेगळ्या पेल्यात, तो पेला खिडकीत उपडा ठेवलेला असायचा. मला तेव्हा वाटायचं, माझा खास पेला आहे. आई मात्र सगळं समजली. ती खोकायची बंद झाली. म्हणजे खोकला यायचाच, पण ती तो दाबायची, आणि वर आलेलं गिळून टाकायची. कोणी ऐकायला नको, कोणी बघायला नको. चाळीस वर्षं बाईने हे केलं. टीबी हा शब्द तर आमच्या घरात पुन्हा कोणी उच्चारलाच नाही. 'माझं ते आजारपण' म्हणायची.

गेल्या काही वर्षांत दर दोन-तीन महिन्यांनी तिला कणकण यायची, गळून जायची, कफ हिरवा व्हायचा. यावर माझा इलाज ठरलेला. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे जायचं, तो मला बघूनच तीन गोळ्यांचं पाकीट काढायचा. तीन दिवसांत आई उठून बसायची. डॉक्टरकडे नंबर लावा, तपासण्या करा, इतका वेळ कोणाकडे होता? मला तर माझ्या हुशारीचा अभिमानच वाटायचा. बोरिवलीहून भावाचा फोन आला की मी रुबाबात सांगायची, "झालं, दिलं मी औषध." तो म्हणायचा, "तू आहेस म्हणून बरं आहे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की डोक्यात तिडीक जाते.

मग एकदा पाकिटाने काही झालं नाही. दुसरं दिलं, तरी नाही. कफात रक्ताचे धागे दिसले तेव्हा मी तिला रिक्षात घातलं. आठ दिवस हॉस्पिटल झालं. टीबी परत आला की काय म्हणून कफ तपासला, तो नव्हता. छातीचा स्कॅन काढला आणि तिथून आम्हाला मुलुंडच्या एका छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

बाईंनी स्कॅन उजेडावर धरला आणि आजाराचं नाव सांगितलं, ब्रॉन्किएक्टेसिस. मला ते चार वेळा लिहून बघावं लागलं. मग साध्या शब्दांत सांगितलं. फुफ्फुसात हवेच्या नळ्या असतात, त्यातल्या आईच्या काही नळ्या कायमच्या रुंद आणि सैल झाल्या होत्या, इलॅस्टिक गेलेल्या मोज्यासारख्या. चांगली नळी रोजचा कफ आपोआप वर ढकलते. सैल नळीत तो साचतो, त्यात जंतू घर करतात, सूज येते, सुजेने नळी आणखी खराब होते, आणि मग आणखी साचतो. हे चक्र आहे, आणि ते तोडायचं तर साचलेलं बाहेर काढायलाच हवं.

"पण कशामुळे झालं?" मी विचारलं.

त्यांनी आईलाच उलट प्रश्न विचारले. लहानपणी गोवर, डांग्या खोकला, मोठा न्यूमोनिया झाला होता का? दमा? सांधे दुखतात? बुरशीची ॲलर्जी आणि रक्तातली प्रतिकारशक्ती यांच्या तपासण्या लिहून दिल्या, कारण यातल्या कशानेही हे होतं आणि काहींवर वेगळा इलाज असतो. शेवटी विचारलं, "टीबी झाला होता का कधी?"

आई दाराकडे बघत राहिली. दार बंद होतं.

"झाला होता," मीच म्हणाले.

बाकीच्या तपासण्या स्वच्छ आल्या. म्हणजे कारण तेच जुनं. टीबी कधीच बरा झाला होता, पण जाताना डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या नळ्या निकामी करून गेला होता.

माझी मागणी मी तयार ठेवली होती. शाळेतल्या एका बाईंच्या सासऱ्यांना असंच काहीतरी होतं, त्यांना सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी अँटिबायोटिकची गोळी महिनोनमहिने चालू होती. मी म्हटलं, "डॉक्टर, हिला पण ती कायमची गोळी द्या. पुन्हा हॉस्पिटल नको." खरं सांगते, हॉस्पिटलमध्ये त्या आठ दिवसांत मी खुर्चीत बसून झोपले होते आणि मला आणखी काहीही करायचं नव्हतं. गोळी द्यावी आणि विषय संपावा, एवढंच हवं होतं.

"वर्षात असे कफाचे अटॅक किती आले?" बाईंनी विचारलं.

"पाच-सहा तरी."

"कागदावर एकच दिसतोय. बाकीच्यांना औषध कोणी दिलं?"

"मी."

त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या की तीन गोळ्यांच्या पाकिटाने जंतू अर्धवट मरतात, उरलेले शिरजोर होतात, आणि नंतर कफ तपासला तरी त्यात काही सापडत नाही. लांबची गोळी हवी तर आधी दिसायला हवं की छाती रोज नीट साफ करूनही वर्षात तीन किंवा जास्त अटॅक येतात. शिवाय कफात टीबीच्या जातीतले दुसरे सावकाश वाढणारे जंतू नाहीत याची खात्री हवी. ते असताना ही एकटी गोळी दिली तर ते तिला दाद देईनासे होतात, आणि मग खरं औषध वाया. हृदयाचा ईसीजी हवा, लिव्हरची तपासणी हवी, कानांची तपासणी हवी.

"कानांची कशाला?" मी वैतागून विचारलं.

"या गोळीने काही जणांचं ऐकू येणं कमी होतं. म्हणून आधी आत्ताचं मोजून ठेवायचं. पण तीन महिने पहिल्यांदा छाती साफ करायची. आणि यापुढे कफ हिरवा झाला की आधी डबीत कफ, मग गोळी. केमिस्टकडे जायचं नाही."

माझी पार वाट लागली होती. आले होते सुट्टी मागायला, आणि हातात पडली ड्युटी.

छाती साफ करायला शिकवलं तिथल्याच फिजिओथेरपिस्ट मुलीने. आधी श्वासनळ्या मोकळ्या करणारा पंप. मग खारट पाण्याची वाफ मशीनमधून घ्यायची, त्याने कफ पातळ होतो. पहिली वाफ तिने स्वतःसमोर दिली, कारण कुणाकुणाची छाती त्याने उलट आवळते. मग आईला उजव्या कुशीवर झोपवलं, म्हणजे खराब डावी बाजू वर. डोकं खाली लोंबकळवायचं नाही, आईला ॲसिडिटी आहे. थोडा वेळ साधा श्वास, मग तीन-चार मोठे श्वास घेऊन क्षणभर धरायचे, मी पाठीवर, बरगड्यांवर, ओंजळीसारखा हात करून थापट्या मारायच्या, कपड्यावरून, मणका सोडून. आणि मग तोंड उघडं ठेवून जोरात 'हाऽ' करून हवा बाहेर फेकायची, चष्म्याची काच पुसायच्या आधी करतो तसं, फक्त जास्त जोरात. असं फिरून फिरून, पंधरा-वीस मिनिटं. दिवसातून दोनदा, जेवायच्या आधी.

आईने 'हाऽ' केलं. आवाजच नाही.

"आजी, मोठ्याने," ती मुलगी म्हणाली.

आईने पुन्हा बिनआवाजी केलं आणि गळा हलला. मुलीने डबी पुढे केली. डबी कोरडी.

"गिळलंत?"

आईचं तोंड बघवत नव्हतं. शाळेत कॉपी करताना पकडलेल्या मुलींना मी ऑफिसबाहेर उभ्या बघते, अगदी तसं. मला तिची कीव आली आणि त्याच क्षणी भयंकर रागही आला. चाळीस वर्षं गिळत होती ही! आणि मी एकाच घरात राहून चटण्यांचं कौतुक करत होते.

मग सुरू झालं आमचं सकाळ-संध्याकाळ. पावणेसहाला उठायचं, मशीन, वाफ, कूस, थापट्या, हाऽ. मग माझा डबा, माझी धावपळ. संध्याकाळी आले की पर्स टाकायची, हात धुवायचे, पुन्हा तेच. माझे स्वतःचे खांदे भरून यायचे. पन्नाशीच्या पुढचे हात आहेत हो माझे. भाऊ फोनवर म्हणाला, "ते व्हायब्रेट करणारं फुंकायचं खेळणं मिळतं ना, ते घे की." घेतलं, तेही वापरलं, त्यात फुंकलं की छातीत कंप उठतो आणि कफ सुटतो, फायदाही झाला. पण सुटलेला कफ बाहेर फेकायचा तर खोकावंच लागतं. आणि खोकायचं म्हटलं की आई हाताने खूण करायची, खिडकी लाव, दार लाव, मिक्सर लाव.

मी एकदा भडकून मिक्सर उचलला आणि माळ्यावर टाकला. आईने त्या दिवशी थुंकायचंच नाकारलं. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी स्टुलावर चढून मीच तो खाली काढला. काय करणार? मिक्सर लावायचा, तिच्या तोंडाशी डबी धरायची. आवाजात का होईना, बाहेर येत होतं.

इतकं करूनही त्या वर्षात आणखी दोन अटॅक आले. दोन्ही वेळा आधी डबी लॅबमध्ये, मग बाईंनी दिलेलं चौदा दिवसांचं औषध. हॉस्पिटल धरून तीन झाले. त्या सावकाश वाढणाऱ्या जंतूंच्या तपासणीला दीड-दोन महिने लागतात, तोही रिपोर्ट स्वच्छ आला. ईसीजी ठीक, लिव्हर ठीक. कान वयाच्या मानाने बरे. तेव्हा कुठे बाईंनी गोळी लिहून दिली. सोमवार, बुधवार, शुक्रवार.

"गोळी म्हणजे सुट्टी नाही," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "साफसफाई चालूच. सहा महिन्यांनी या, कान परत तपासू. आणि कानात आवाज यायला लागला, ऐकू कमी यायला लागलं, तर गोळी थांबवून लगेच यायचं."

गोळीने जादू केली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. पावसाळा लागला, कणकण नाही. गणपती गेले. दिवाळीत आईने बसून करंज्या भरल्या. कफ कमी झाला, पांढरा झाला, चेहऱ्यावर रंग आला. आणि मी? मी आधी संध्याकाळची पाळी सोडली. काय गरज आहे, एवढी तर बरी आहे. मग रविवारची सोडली. मग सकाळीही आई म्हणायची, "रवांदे आज, तुका उशीर होतलो," आणि मी लगेच ऐकायची. सहा महिन्यांची तारीख आली ती नेमकी शाळेत परीक्षांचे फॉर्म भरायच्या दिवसांत. पुढच्या आठवड्यात जाऊ, त्याच्या पुढच्या आठवड्यात जाऊ. गोळ्या संपल्या की केमिस्ट देतच होता. तोच, कोपऱ्यावरचा.

एका रविवारी दुपारी आई मेथी निवडत बसली होती आणि मी पेपर वाचत होते. घरात अगदी शांत होतं. आई मान वर न करता म्हणाली, "गो, तो मिक्सर बंद कर मगे."

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. मिक्सर बंद होता, वायर गुंडाळलेली.

"कुठला मिक्सर?"

आईचा हात थांबला. आपण काय बोललो ते तिला कळलं.

"आई, कानात आवाज येतो तुझ्या?"

तिने हातातली काडी ताटात टाकली.

"कधीपासून?"

"गणपतीपासून."

गणपती होऊन चार महिने झाले होते. टीव्हीचा आवाज वाढला होता, फोनवर ती "काय? काय?" करायची, मला वाटायचं वय झालं. मी किंचाळले, "सांगितलं का नाहीस? डॉक्टर समोर बसून बोलल्या होत्या ना!"

"सांगितलं असतं तर गोळी बंद केली असती त्यांनी," ती म्हणाली. मग मेथीकडे बघत, "तुका परत माझी पाठ बडवूची लागली असती. तू दमतंस."

मी उठून स्वयंपाकघरात गेले, फरशीवर बसले आणि ढसाढसा रडले. कोणासाठी रडत होते कोण जाणे. तिने माझ्यासाठी कान घालवले होते, आणि मी ते घालवू दिले होते. दमते मी, खरंच दमते. पण तिला ते दिसू नये इतकं तरी मला जमायला हवं होतं.

मुलुंडला कानांची तपासणी झाली. बारीक, वरच्या पट्टीतले आवाज पहिल्या तपासणीपेक्षा बरेच कमी ऐकू येत होते. गोळी त्याच दिवशी बंद. गुणगुण कमी होईल कदाचित, पूर्ण जाईल याची खात्री नाही, असं बाई म्हणाल्या. पुढे अटॅक परत वाढले आणि कफात तसे जंतू सापडले तर वाफेतून द्यायचं अँटिबायोटिक असतं, पण ती पुढची गोष्ट. "सहा महिन्यांनी आला असता तर," एवढंच बोलून त्यांनी वाक्य सोडून दिलं. मला पुढचं कळलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पावणेसहा. मशीन, वाफ, उजवी कूस. थापट्या झाल्या, आई उठून बसली. आता मिक्सर लागणार म्हणून मी तिने खूण करायच्या आधीच ओट्याकडे गेले आणि प्लग लावला.

"रवांदे गो," आई म्हणाली. "कानात एक चालू आसा, दुसरो कित्याक?"

आणि तिने 'हाऽ' केलं. मोठ्याने. मग खोकली, छाती फुटेल असं खोकली. मी तिचा असा मोकळा खोकला जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. दुधासाठी दार अर्धवट उघडं होतं ते लावायला मी धावले, तर दारात शेजारच्या मावशी उभ्या. त्याच, चाळीतल्या, पेल्यावाल्या. आता समोरच्या फ्लॅटमध्ये असतात, काठी घेऊन चालतात.

"अगं, काय झालं? कोण खोकतंय एवढं?"

मी 'सर्दी' म्हणणार होते. जीभ तयारच होती.

"टीबी झालेलो ना माका," आई आतून म्हणाली, ऐकू कमी येतं म्हणून असेल, सगळ्या मजल्याला जाईल इतक्या मोठ्याने. "तेचो कफ हा. टीबी गेलो, कफ रवलो."

मावशी आत आल्या. खुर्ची ओढून आईसमोर बसल्या.

"माहितीये की," त्या म्हणाल्या. "सगळ्या चाळीला माहीत होतं. आणि तुझा तो मिक्सरही माहितीये. एवढी चटणी कोण खातं गं?"

आई त्यांच्याकडे बघत राहिली. तिला ऐकू आलं की नाही, नीट कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. मग ती हसली, हसता हसता तिला ठसका लागला, आणि खोलवरून, खूप दिवसांचं साचलेलं वर आलं. तिने गिळलं नाही. मावशींच्या समोरच माझ्याकडे हात पुढे केला.

मी डबी धरली. बरंच आलं.